बुडालेल्या सौद्याचे पैसे कोण भरते?

तुम्ही मोबाइलवरून एका कंपनीचे १००० शेअर ५०० रुपयांना विकले. सौदा झाल्याची ओळ पडद्यावर उमटली. घेणारा कोण, हे तुम्हाला कळत नाही आणि कळावे अशी सोयही नाही. तो सुरतेचा व्यापारी असेल, लंडनचा फंड असेल किंवा उसनवारीवर खेळणारा एखादा सटोडिया असेल. उद्या त्याच्याकडे पाच लाख रुपये असतीलच, याची चौकशी तुम्ही केलेली नसते. तरीही दुसऱ्या दिवशी पैसे येतात. घेणाऱ्याने हात वर केले तरी येतात.

हे कसे घडते, याचे उत्तर ‘क्लिअरिंग कॉर्पोरेशन’ नावाच्या एका संस्थेत आहे. ही संस्था शेअर बाजारापासून वेगळी असते. मुंबईत अशा अनेक आहेत. राष्ट्रीय शेअर बाजाराची एनएसई क्लिअरिंग, मुंबई शेअर बाजाराची इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि कमोडिटी बाजारासाठी एमसीएक्सची स्वतंत्र कॉर्पोरेशन. बाजार फक्त घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून देतो. पुढची पैशांची आणि शेअरची देवघेव पुरी करणे, आणि कोणी बुडाले तरी ती पुरी करणे, हे काम क्लिअरिंग कॉर्पोरेशनचे.

‘हमी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठी तिजोरी येते. कोणी बुडाले की ती उघडायची आणि पैसे द्यायचे. प्रत्यक्षात तिजोरीचा भाग सगळ्यात शेवटी येतो. बुडणाऱ्याचा तोटा कोणी, कोणत्या क्रमाने आणि किती सोसायचा, हे आधीच लिहून ठेवलेले असते. हमी म्हणजे मुख्यतः हा क्रम. त्यात पहिला नंबर नेहमी बुडणाऱ्याच्या स्वतःच्या पैशांचा असतो, आणि ते पैसे तो बुडण्यापूर्वीच काढून घेतलेले असतात.

मधे येऊन उभी राहणारी संस्था

जुन्या काळी दलाल स्ट्रीटवर सौदा दोन ब्रोकरांमध्ये व्हायचा आणि त्यांच्यातच राहायचा. एकाचे पैसे अडकले की ज्याला ते मिळायचे होते तो अडकायचा, आणि त्याच्या जिवावर सौदे करणारा तिसराही अडकायचा. हिशेब आठवड्याने व्हायचा, म्हणून तोवर किती सौदे साचलेत आणि कोण कोणाच्या गळ्यात पडणार आहे, हे नीट कोणालाच कळायचे नाही. मार्च २००१ मध्ये कोलकाता शेअर बाजारात काही ब्रोकर पैसे भरू शकले नाहीत, आणि त्या धक्क्यातून तो बाजार पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही.

राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९५ मध्ये आपली क्लिअरिंग कॉर्पोरेशन स्थापन केली आणि एप्रिल १९९६ पासून ती काम करू लागली. देशात पहिल्यांदाच एखादी संस्था प्रत्येक सौद्यात कायद्याने मधे येऊन उभी राहिली. सौदा झाल्यावर मूळ करार दोन करारांत मोडतो. विकणाऱ्याच्या दृष्टीने खरेदीदार असते ती कॉर्पोरेशन, आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने विक्रेता असते तीही कॉर्पोरेशनच. या व्यवस्थेला ‘नोव्हेशन’ म्हणतात. समोरचा कोण, हा प्रश्न त्यामुळे उरतच नाही.

एक बारकावा इथेच लक्षात घ्यायला हवा, कारण पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे. कॉर्पोरेशनच्या वहीत तुमचे नाव समोरचा पक्ष म्हणून नसते, तिथे ‘क्लिअरिंग मेंबर’ असतो. तो तुमचा ब्रोकर असेल किंवा तुमच्या ब्रोकरचे काम पाहणारी एखादी बँक. कॉर्पोरेशन त्याच्याकडून वसूल करते आणि त्यालाच देते.

कॉर्पोरेशन सगळ्यांच्या सौद्यांत असली तरी स्वतः काहीच धरून बसत नाही. एकाकडून जेवढे शेअर तिला मिळायचे असतात तेवढेच दुसऱ्याला द्यायचे असतात. भाव वर जावो की खाली, तिला ना नफा ना तोटा. कोणीतरी शब्द मोडला तरच तिचा हा तोल ढळतो.

पाच लाखांचा सौदा, चाळीस हजारांचा धोका

आता घेणारा खरेच बुडाला असे धरू. पाच लाख रुपये त्याने भरले नाहीत. कॉर्पोरेशनचे पाच लाख गेले का? नाही. तुम्ही दिलेले १००० शेअर तिच्या हातात आहेत. ती ते बाजारात विकते. मधल्या वेळात भाव ५०० वरून ४६० वर आला असेल, तर तिला चार लाख साठ हजार मिळतील. तुम्हाला द्यायचे पाच लाख. खड्डा चाळीस हजारांचा.

म्हणजे जोखीम सौद्याच्या पूर्ण रकमेची नसते. सौदा झाल्यापासून तो निस्तरेपर्यंत भाव जेवढा उलट जाईल, तेवढीच ती असते. क्लिअरिंगची सगळी यंत्रणा या एका गोष्टीभोवती बांधलेली आहे. म्हणूनच दोन बाजूंनी प्रयत्न चालतो. मधला वेळ कमी करायचा, आणि त्या वेळात भाव जितका हलू शकतो तितके पैसे आधीच घेऊन ठेवायचे.

वेळ कमी करण्याचे काम भारतात टप्प्याटप्प्याने झाले. २००२ मध्ये सौद्याचा निकाल तीन दिवसांत लागू लागला, २००३ मध्ये दोन दिवसांत, आणि जानेवारी २०२३ अखेर सगळेच शेअर ‘टी प्लस वन’वर, म्हणजे दुसऱ्या कामाच्या दिवसावर आले. एक दिवस घटला की भाव बिघडण्याची एक रात्रही घटते.

आधी घेऊन ठेवलेल्या पैशांना ‘मार्जिन’ म्हणतात. शेअरच्या रोखीच्या बाजारात ग्राहकाकडून सौद्याच्या वेळी किमान २० टक्के घेतले जातात. आपल्या उदाहरणात ते एक लाख रुपये. खड्डा चाळीस हजारांचा, म्हणजे तो बुडणाऱ्याच्याच पैशांतून भरला जातो आणि साठ हजार उरतात. बाहेरून पाहणाऱ्याला काही झालेच नाही असे वाटेल. कोणीतरी पैसे चुकवले आणि बातमीही झाली नाही, असे बहुतेक वेळा होते ते यामुळेच.

फ्युचर्सचा मामला अधिक नाजूक असतो, कारण तिथे पोझिशन महिनाभर उभी राहू शकते. म्हणून तिथे दोन प्रकारचे पैसे घेतात. रोज संध्याकाळी त्या दिवसाचा नफा-तोटा मोजून रोखीत चुकता करायचा, हा एक. त्यामुळे तोटा साचत नाही. दुसरे, उद्या भाव वाईटात वाईट किती हलेल याचा अंदाज बांधून त्यासाठी वेगळी रक्कम ठेवायची. हा अंदाज मागच्या चढउतारांवरून निघतो. भाव जास्त उसळू लागले की मार्जिन वाढते. पूर्वी काही ब्रोकर दिवसभर ग्राहकाला भरमसाट पोझिशन घेऊ देत आणि संध्याकाळच्या हिशेबापुरते सगळे आटोपते घेत. म्हणून डिसेंबर २०२० पासून दिवसातून किमान चार वेळा, आधी न सांगता, सगळ्यांच्या पोझिशनची नोंद घेतली जाते आणि त्यातल्या सर्वात मोठ्या आकड्यावर मार्जिन लागते.

उलट बाजूने, म्हणजे विकणाऱ्याने शेअर दिलेच नाहीत तर? तेव्हा पैसे देऊन भागत नाही, कारण घेणाऱ्याला शेअर हवे असतात. कॉर्पोरेशन तेवढ्या शेअरांचा लिलाव पुकारते. ज्यांच्याकडे शेअर आहेत ते भाव सांगतात. ५०० चा शेअर लिलावात ५२० ला मिळाला, तर वरचे वीस रुपये चुकवणाऱ्याकडून घेतले जातात आणि घेणाऱ्याला थोड्या उशिराने का होईना, शेअरच मिळतात. लिलावात कोणी विकायलाच आले नाही, तर रोखीत हिशेब होतो आणि तो चुकवणाऱ्याला चांगलाच महाग पडेल असा ठेवलेला आहे. सौद्याच्या दिवसापासून लिलावाच्या दिवसापर्यंतचा सर्वात चढा भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावाच्या २० टक्के वर, यांतला जो जास्त तो लागतो. बंद भाव ५१० असेल, तर शेअरमागे निदान ६१२ रुपये मोजावे लागतील.

मार्जिन संपल्यावर

तोटा मार्जिनपेक्षा मोठा निघाला तर काय, याचे उत्तर ‘सेबी’ने ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकात क्रमवार लिहून दिले आहे. सगळ्यात आधी बुडणाऱ्या मेंबरचे सगळे पैसे वापरायचे. मार्जिन, ठेवी, दुसऱ्या विभागात उरलेली रक्कम, सगळे. विमा असेल तर त्यानंतर तो. मग कॉर्पोरेशनने स्वतःच्या खिशातून ठरावीक रक्कम घालायची. त्याच्याही पुढे ‘कोअर सेटलमेंट गॅरंटी फंड’ येतो.

हा फंड म्हणजे एक प्रकारची भिशीच. फरक एवढाच, की तिची रक्कम कोणाला मिळावी म्हणून जमवलेली नसते, कोणी बुडाले तर वापरावी म्हणून जमवलेली असते. तिच्यात किमान निम्मा वाटा क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा, किमान चौथाई शेअर बाजाराचा आणि मेंबरांचा वाटा फार तर चौथाई. फंडात हात घालतानाही क्रम आहे. आधी दंडापोटी जमलेली रक्कम, मग कॉर्पोरेशनच्या वाट्याचा मोठा तुकडा, आणि त्यानंतर कॉर्पोरेशनचा उरलेला वाटा, बाजाराचा वाटा आणि न बुडालेल्या मेंबरांचे पैसे, हे सगळे प्रमाणात. एवढ्यानेही भागले नाही तर कॉर्पोरेशनच्या उरलेल्या पैशांतून काही भाग, मग इतर मेंबरांकडून आणखी वर्गणी, पण तिलाही मर्यादा. आणि अगदी शेवटी, ज्यांना त्या दिवशी पैसे मिळायचे आहेत त्यांच्या रकमेला थोडी थोडी कात्री.

शेवटची पायरी वाचून काहींना धक्का बसेल. पण हमी अमर्याद नसते, हे स्पष्ट लिहिणेच शहाणपणाचे. कॉर्पोरेशन स्वतः आधी पैसे का घालते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. मार्जिन किती घ्यायचे हे तीच ठरवते. मार्जिन कमी ठेवले तर सौदे वाढतात आणि धंदा होतो. त्या मोहाला लगाम म्हणून तोट्यात तिचा हात आधी भाजला पाहिजे, अशी ही योजना आहे.

नॉर्वेतला पाऊस आणि ११.४ कोटी युरो

कागदावरचा हा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो, हे सप्टेंबर २०१८ मध्ये स्टॉकहोमच्या नॅसडॅक क्लिअरिंगमध्ये दिसले. भारतातल्या यंत्रणेइतकीच ती आखीवरेखीव होती, तरी तिथे तोटा इतर मेंबरांच्या फंडापर्यंत पोहोचला.

आयनर ओस हा नॉर्वेतला विजेच्या फ्युचर्सचा व्यापारी. त्याचा धंदा इतका मोठा होता की तो देशातल्या सर्वाधिक कर भरणाऱ्यांपैकी एक गणला जाई. तो कोणा ब्रोकरमार्फत सौदे करत नव्हता, तर एकटा माणूस असूनही नॅसडॅक क्लिअरिंगचा थेट मेंबर होता. त्याची पैज अशी होती, की नॉर्डिक देशांतल्या विजेचा भाव आणि जर्मनीतल्या विजेचा भाव यांच्यातले अंतर कमी होईल. नॉर्डिक वीज बऱ्याच अंशी धरणांच्या पाण्यावर बनते, म्हणून पाऊस आला की ती स्वस्त होते. जर्मनीतली वीज बऱ्याच अंशी कोळसा आणि वायूवर चालते, तिच्या भावात कार्बन उत्सर्जनाच्या परवान्यांची किंमत धरलेली असते.

१० सप्टेंबरला, सोमवारी, दोन्ही बाजूंनी उलटे झाले. नॉर्डिक देशांत पावसाचा अंदाज आला आणि तिथला भाव पडला. त्याच वेळी कार्बनच्या परवान्यांसह जर्मन विजेचा भाव चढला. दोन भावांतले अंतर घटण्याऐवजी एका दिवसात इतके वाढले, की तो बदल नेहमीच्या दिवसाच्या सुमारे १७ पट होता. क्लिअरिंगने आणखी पैसे मागितले. ओसला ते भरता आले नाहीत. मंगळवारी त्याला डिफॉल्टर जाहीर करण्यात आले.

आता त्याची सगळी पोझिशन क्लिअरिंगच्या गळ्यात होती आणि तिचा तोललेला काटा एका बाजूला झुकला होता. ती लवकर दुसऱ्या कोणाला तरी विकणे भाग होते. बुधवारी तिने लिलाव केला, पण त्यात मोजक्या चारच संस्था होत्या. सगळ्या बाजाराला माहीत होते की विकणाऱ्याला विकल्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी मिळतो तो पडेल भाव.

हिशेब लागला तो असा. ओसचे मार्जिन आणि त्याचा फंडातला वाटा संपल्यावरही ११.४ कोटी युरोंचा खड्डा उरला. नॅसडॅकने ठरल्याप्रमाणे स्वतःचे ७० लाख युरो घातले. उरलेले १०.७ कोटी युरो मेंबरांच्या फंडातून गेले. त्या कमोडिटी फंडात १६.६ कोटी होते, म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश फंड एका माणसाच्या पैजेत संपला. ज्या कंपन्यांनी ओसशी कधी थेट सौदा केला नव्हता, त्यांना त्याचा तोटा वाटून घ्यावा लागला, आणि फंड दोन कामाच्या दिवसांत पुन्हा भरावा लागला.

यंत्रणेने काम केले का? केले. बाजार बंद पडला नाही, ज्यांना पैसे मिळायचे होते त्यांना मिळाले, क्रम जसा लिहिला होता तसाच चालला. पण तोटा ज्या पायरीवर थांबायला हवा होता तिथे थांबला नाही, आणि त्याची कारणे शोधताना तीन गोष्टी समोर येतात.

पहिली, मार्जिनचा हिशेब. नॉर्डिक आणि जर्मन विजेचे भाव बरेचदा एकत्र हलतात, म्हणून एका बाजूचा नफा दुसऱ्या बाजूच्या तोट्याची भरपाई करील असे धरून मार्जिनमध्ये सूट दिली जाते. हा संबंध ज्या दिवशी तुटतो, त्या दिवशी दोन्हीकडून तोटा होतो आणि सूट उलटते.

दुसरी, आकार. बाजार जितका लहान आणि पोझिशन जितकी मोठी, तितकी ती मोडायला वेळ लागतो आणि मोडतानाच भाव बिघडतो. मार्जिन सहसा एक-दोन दिवसांच्या हालचालीवर बांधलेले असते. एवढी मोठी पोझिशन तितक्या वेळात शांतपणे विकणारा कोणी नसतो.

तिसरी, लिलाव. दहा वर्षांपूर्वी, सप्टेंबर २००८ मध्ये लीमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा लंडनच्या एलसीएच या क्लिअरिंग संस्थेच्या अंगावर सुमारे ९ लाख कोटी डॉलर मूल्याचे व्याजदरांचे सौदे पडले. तिने मेंबर बँकांचे अनुभवी ट्रेडर बोलावून घेतले, आधी उलटे सौदे करून जोखीम कमी केली, आणि मगच चलनवार तुकडे पाडून लिलाव केले. लीमनच्या मार्जिनचा साधारण एक-तृतीयांश भाग वापरावा लागला, फंडाला हात लागला नाही. अर्थात व्याजदरांचा बाजार विजेच्या बाजारापेक्षा कितीतरी खोल आहे. तरी घाईने, चार गिऱ्हाइकांना विकणे आणि सावकाश, सावधपणे विकणे यात केवढा फरक पडतो, हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की दिसते. स्वीडनच्या वित्तीय नियामकाने पुढे, जानेवारी २०२१ मध्ये, नॅसडॅक क्लिअरिंगला ३० कोटी क्रोनर दंड केला.

भाव शून्याखाली गेला तेव्हा

मार्जिनच्या अंदाजाची हद्द कुठे संपते, हे मुंबईतच एप्रिल २०२० मध्ये दिसले. टाळेबंदीमुळे एमसीएक्सवरचे व्यवहार रात्रीऐवजी संध्याकाळी पाचलाच थांबत होते. २० एप्रिल हा कच्च्या तेलाच्या एप्रिल फ्युचर्सचा शेवटचा दिवस. व्यवहार थांबले तेव्हा भाव बॅरलमागे सुमारे ९६५ रुपये होता. पण या सौद्याचा अंतिम भाव ठरतो तो न्यूयॉर्कच्या बाजारावरून, आणि न्यूयॉर्कमध्ये त्या रात्री तेल उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाले. रुपयांत मोजून एमसीएक्सचा अंतिम भाव ठरला उणे २,८८४.

एका लॉटमध्ये १०० बॅरल. पाच वाजता ज्याच्याकडे एक लॉट होता, त्याच्या मालाची किंमत होती ९६,५०० रुपये. भाव कितीही पडला तरी शून्यापर्यंतच पडेल, असे धरले तर ९६,५०० हाच सर्वात मोठा तोटा. म्हणजे कोणी शंभर टक्के मार्जिन घेतले असते तरी तेवढेच घेतले असते. प्रत्यक्षात लॉटमागे तोटा झाला ३,८४,९०० रुपयांचा, जवळपास चौपट. आणि पाचनंतर बाहेर पडायला बाजार उघडा नव्हता.

ग्राहकांचे पैसे संपले. तरी क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा करार ग्राहकांशी नव्हता, मेंबरांशी होता. तिने ब्रोकरांकडे मागणी केली. काही ब्रोकर मुंबई उच्च न्यायालयात गेले. इथे हमीचा एक स्वभाव उघड होतो. कॉर्पोरेशनने एका बाजूचे पैसे सोडून दिले असते, तर दुसऱ्या बाजूच्या, तेल विकून बसलेल्या मेंबरांना ते कुठून दिले असते? दोन्ही बाजूंचा हिशेब समान असलेल्या संस्थेला दया दाखवायला जागा नसते. ज्याने ग्राहकाला मेंबर या नात्याने बाजारात आणले, त्याच्यावर ग्राहकाची जबाबदारी येते.

ही हमी कुठपर्यंत येते

सर्वसामान्य गुंतवणूकदाराने यातून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. क्लिअरिंग कॉर्पोरेशनची हमी एका मेंबरापासून दुसऱ्या मेंबरापर्यंत असते. तुम्ही आणि तुमचा ब्रोकर यांच्यात काय घडले, याला ती लागू होत नाही. तुमच्या सौद्याचे पैसे कॉर्पोरेशनने ब्रोकरला दिले आणि ब्रोकरने ते तुम्हाला दिलेच नाहीत, किंवा तुमचे शेअर त्याने भलतीकडे वापरले, तर कोअर फंडातला रुपयाही त्यासाठी निघत नाही. त्यासाठी बाजाराचा वेगळा गुंतवणूकदार संरक्षण निधी असतो. त्याला मर्यादा आहे आणि दाव्याची छाननीही होते.

हा फरक नोव्हेंबर २०१९ मध्ये ठळक झाला. कार्वी स्टॉक ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी तारण ठेवल्याचे सेबीने आदेशात म्हटले, आणि नंतर शेअर बाजाराने तिला डिफॉल्टर घोषित केले. बाजारातला सौदा पुरा होणे ही एक गोष्ट, आणि ब्रोकरकडे ठेवलेला माल सुरक्षित असणे ही दुसरी. पहिली हमी भक्कम असताना दुसऱ्या जागी नुकसान होऊ शकते.

त्यानंतरचे बदल म्हणूनच या दुसऱ्या जागेवर झाले. सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी शेअर ब्रोकरच्या खात्यात पाठवायचे नाहीत, ते तुमच्याच डिमॅट खात्यात राहून तारण म्हणून नोंदवले जातात, आणि त्याला तुम्ही मोबाइलवरच्या ओटीपीने मंजुरी द्यायची. विकत घेतलेले शेअर ब्रोकरच्या खात्यात न थांबता थेट ग्राहकाच्या डिमॅटला जावेत, हाही बदल त्याच दिशेने आहे.

म्हणून कोणी ब्रोकर ‘आमच्याकडे मार्जिन कमी, पोझिशन मोठी’ असे सांगू लागला, की दोन प्रश्न विचारावेत. सूट कोणाच्या पैशांवर मिळते आहे? आणि भाव उलटला तर ती कोण भरणार? कॉर्पोरेशन मेंबराला त्यातून सोडत नाही. मेंबर ते ग्राहकाकडून वसूल करायला येतो, आणि ग्राहक भरू शकला नाही तर मेंबरचे पैसे जातात. तेही पुरले नाहीत तर शेवटी तुमच्यासारख्याच इतरांच्या ब्रोकरांनी भरलेल्या फंडापर्यंत गोष्ट जाते. कॉन्ट्रॅक्ट नोट दररोज पाहणे, डिपॉझिटरीकडून येणारा एसएमएस ताडून पाहणे, आणि न मागितलेली ओटीपी कोणालाही न सांगणे ही कामे कंटाळवाणी आहेत. पण क्लिअरिंग कॉर्पोरेशनची हमी जिथे संपते, तिथून पुढच्या वाटेवर गुंतवणूकदाराच्या हातात एवढेच असते.